काकांचा शब्द आणि फ्लॅटचे कागद

‘आम्ही डोंबिवलीत रिसेलचा एक टू-बीएचके बघितलाय. मालक माझ्या सासऱ्यांचे जुने मित्र, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. किंमत ६८ लाख सांगतात. पहिल्या भेटीत म्हणाले, कर्ज कधीच फिटलं. पुढच्या भेटीत बोलता बोलता “थोडंसं राहिलंय” असं निघालं. गळती अजिबात नाही म्हणतात, पण बेडरूमची एकच भिंत ताजी रंगवलेली आहे. कागद मागितले की म्हणतात, “घरच्या माणसांना कागद कशाला?” दुसरं कुणीतरी ७० लाख द्यायला तयार आहे, तेव्हा आठ दिवसांत दोन लाख टोकन द्या, असाही आग्रह आहे. घर आम्हाला आवडलंय. काकांना खोटं पाडायचं नाही, पण फसायचंही नाही. त्यांच्याशी बोलायचं कसं?’
— एक वाचक, डोंबिवली

ताई, सगळ्यात आधी हे: या आठ दिवसांत टोकन देऊ नका. बाकी सगळं सावकाश आणि गोडीने करता येईल, पण पैसे एकदा गेले की तुमचे प्रश्न ‘चौकशी’ न राहता ‘वाद’ होतात.

दुसरं, काका खोटारडे आहेत का, हा प्रश्न बाजूला ठेवा. तो सोडवल्याशिवाय तुमचं काही अडत नाही. समोरच्याच्या बोलण्या-वागण्यावरून खोटं ओळखायला आपण सगळेच कच्चे असतो. या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात लोकांचा अंदाज १०० पैकी ५४ वेळा बरोबर आला होता. म्हणजे छापा-काट्याहून जेमतेम बरा. शिवाय कर्जाचं खरं न सांगण्यामागे लबाडीच असते असं नाही. मित्राच्या सुनेपुढे ‘अजून हप्ते चालू आहेत’ म्हणायचा संकोचही असू शकतो. तुम्हाला माणसाचा निकाल लावायचा नाही. त्यांचं प्रत्येक विधान एकतर तिसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यायचं, नाहीतर करारात लिहून घ्यायचं. विधान खरं असेल तर या दोन्हींत त्यांचं काहीच जात नाही.

‘एवढं काय तपासायचं’ असं घरात कुणी म्हणालं, तर कायदा काय म्हणतो ते सांगा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे घरातला किंवा मालकीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसण्यासारखा नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, नोंदणी झालेल्या दस्तात जे आहे ते तुम्हाला माहीतच होतं असं धरलं जातं. घरात भाडेकरू राहत असेल, तर त्याचा हक्कही तुम्हाला माहीत होता असंच मानतात. थोडक्यात, नोंदवलेली गोष्ट काकांनी लपवली आणि तुम्ही पाहिली नाही, तर ‘त्यांनी सांगितलं नव्हतं’ हे तुमचं म्हणणं फार लंगडं पडतं.

आता कागद मागायचे कसे? तुम्ही गृहकर्ज काढणार असाल, तर काकांना पुन्हा भेटण्याआधी तुमच्या बँकेत जा आणि रिसेलच्या फ्लॅटसाठी लागणाऱ्या कागदांची छापील यादी घेऊन या. त्यात बिल्डरपासून आजवरचे सगळे करार, नोंदणीच्या पावत्या, भागपत्र म्हणजे शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र, भोगवटा पत्र आणि कर्ज असेल तर त्यांच्या बँकेचं पत्र, असं सगळं असतं. ही यादी काकांपुढे ठेवून म्हणा, ‘काका, यातलं एक जरी कमी पडलं तर बँक आमची फाइल पुढे सरकवणार नाही. आपण दोघं मिळून जमवूया का?’ आता मागणी तुमची नाही, बँकेची आहे, आणि काका तुमच्या बाजूला बसलेत. मात्र यादी खरोखर आणा. ‘बँक मागते’ असं नुसतंच ठोकून द्याल, तर उद्या तुमचंच बोलणं तपासायची वेळ येईल. आणि हे लक्षात असू द्या की बँकेचा वकील बँकेच्या पैशाची काळजी घेतो. तुमच्या खिशातून जाणारे पैसे आणि बेडरूमची भिंत त्याच्या कामात येत नाही. स्वतःचा वकील वेगळा हवाच.

कर्जापासून सुरुवात करा, कारण दोन वेगवेगळी उत्तरं तिथेच मिळाली आहेत. ‘किती राहिलंय?’ असं विचारू नका. ‘काका, मूळ करार आणि भागपत्र एकदा बघायला मिळेल का? झेरॉक्स नको, मूळच,’ असं म्हणा. कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात. मग काकांना तसं सांगावं तरी लागेल, नाहीतर ‘लॉकरमध्ये आहेत, गावाला आहेत’ अशी उत्तरं येतील. ‘कर्ज फिटलंय पण बँकेने कागद अजून दिलेच नाहीत’ असं म्हणाले, तर तेही पडताळता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकांना बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. तेव्हा सहज म्हणा, ‘मग तुम्हाला बँकेकडून पैसे येणं आहे काका, अर्ज लिहायला मी मदत करते.’ कर्ज खरंच फिटलं असेल तर काका खूश होतील. फिटलं नसेल तर विषय तिथेच बदलेल, आणि तुम्ही मात्र त्यांना मदतच देऊ केलेली असेल.

इकडे तुमच्या बाजूने igrmaharashtra.gov.in या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करा. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या मिळकतीवर नोंदवलेल्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे सारांश, दिसतात. मूळ कागद तारण ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना नोंदणी कार्यालयात देण्याची पद्धत महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. ती ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ इथे सापडू शकते. पण घाईने निष्कर्ष काढू नका. कर्ज फिटूनही जुनी नोटीस तशीच राहून गेलेली पुष्कळदा दिसते, आणि मिळकत क्रमांक वेगळ्या तऱ्हेने टाकल्यामुळे असलेली नोंद न सापडणंही नेहमीचंच. म्हणून घरचा शोध हा पहिला अंदाज समजा. पक्कं काम म्हणजे वकिलाने केलेला ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, किंवा इमारत नवी असेल तर जमिनीपासूनचा.

काकांनी कर्ज कबूल केलं की अर्धी लढाई संपली. त्यांच्या बँकेकडून दोन पत्रं त्यांनाच मागवायला लावा. एक, बँकेकडे कोणकोणते मूळ कागद आहेत त्याची यादी. दुसरं, अमुक तारखेला कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल, ते फोरक्लोजर पत्र. मग त्या रकमेचा चेक काकांच्या नावे काढायचा नाही, थेट त्यांच्या बँकेच्या नावे, कर्जखात्याचा क्रमांक घालून काढायचा. हे असं बांधून घेतलं की ‘थोडंसं’ म्हणजे दोन लाख की बावीस लाख, याने तुमची झोप उडायचं कारण उरत नाही.

आता भिंत. पहिल्या भेटीत तुम्ही बहुधा ‘गळती वगैरे नाही ना?’ असं विचारलं असेल. बहुतेक सगळे तसंच विचारतात, आणि असा प्रश्न समोरच्याच्या तोंडात ‘नाही’ ठेवूनच जातो. ज्युलिया मिन्सन, मॉरिस श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. त्यांच्या एका प्रयोगात विकणाऱ्याकडे मधूनच बंद पडणारा आयपॉड होता. ‘याबद्दल काय सांगाल?’ असं मोघम विचारल्यावर दोष सांगणारे अगदी थोडे निघाले. ‘काही बिघाड नाही ना?’ म्हटल्यावर त्याहून बरेच जास्त लोक खरं बोलले. पण सगळ्यात जास्त लोकांनी खरं सांगितलं ते ‘यात काय काय बिघाड आहेत?’ या प्रश्नाला. दोष असणारच असं धरून विचारलं, की विचारणाऱ्याला काहीतरी ठाऊक आहे असं वाटतं, आणि कबूल करणंही सोपं जातं.

तेव्हा विचारा: ‘काका, या इमारतीत पावसाळ्यात ओल कुठल्या बाजूने येते?’ ‘वॉटरप्रूफिंग शेवटचं कुणी केलं, किती खर्च आला?’ ‘टँकर उन्हाळ्यात आठवड्याला किती येतात?’ विचारून झालं की थांबा. आपल्याकडे समोरचा गप्प झाला की अवघडलेपण टाळायला आपणच उत्तर पुरवतो, ‘म्हणजे तशी काही फार नसेलच म्हणा’. ते तेवढं टाळा.

आणि मिळालेलं उत्तर तुमच्याच प्रश्नाचं आहे का, ते बघा. माहिती दडवणारे पुष्कळ लोक धडधडीत खोटं बोलत नाहीत. खरं पण भलतंच सांगतात. ‘गेल्या वर्षीच वॉटरप्रूफिंग करून घेतलंय’ हे शंभर टक्के खरं असेल, पण त्यानंतरच्या पावसात भिंत कोरडी राहिली का, याचं ते उत्तर नाही. तेव्हा शांतपणे तोच धागा पुन्हा धरा: ‘बरं झालं केलंत. मग या पावसाळ्यात त्या भिंतीचं कसं होतं?’

भिंतीला स्वतःलाही विचारता येतं. ताज्या रंगाखाली ओल असेल तर पापुद्रे फुगतात, स्विचबोर्डच्या कडेला आणि स्कर्टिंगच्या वर पांढरा क्षार फुटतो, कपाट सरकवलं की कुबट वास येतो. भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे की बाहेरची बाजू, ते बघा, कारण दुरुस्ती आणि खर्च त्यावर ठरतो. बाथरूम असेल तर खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. ‘आम्ही वरचा फ्लॅट बघतोय, तुमच्या छताला कधी त्रास झालाय का?’ एवढं पुरतं. ज्याच्या छतातून तीन पावसाळे पाणी ठिबकलंय, तो माणूस तुम्हाला चहा देऊन सगळा इतिहास सांगतो. शेवटी एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला ओलावा मोजायचं मीटर घेऊन न्या. काकांना आधीच सांगून ठेवा की सगळ्याच भिंती तपासणार आहोत, आणि खरंच सगळ्या तपासा. एकाच भिंतीला मीटर लावणं म्हणजे तोंडाने न म्हणता केलेला आरोपच.

सोसायटीकडे चौकशी तुम्ही करायची नाही, काकांना करू द्या. तुम्ही सभासद नाही, सेक्रेटरी तुम्हाला दप्तर दाखवायला बांधील नाहीत. काका मात्र सभासद आहेत, आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं व आपल्या खात्याचा उतारा पाहण्याचा त्यांना कायद्याने हक्क आहे. त्यांच्याकडून सोसायटीच्या नावे एकच पत्र लिहून घ्या, तीन गोष्टी मागणारं: थकबाकी नसल्याचा दाखला, गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं, आणि शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं. या तिन्हींत माझा जीव इतिवृत्तांवर आहे. मेंटेनन्सची थकबाकी शून्य असते, दाखलाही स्वच्छ मिळतो, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या सभेत मोठ्या दुरुस्तीसाठी दर फ्लॅटमागे दीड लाखांची वर्गणी मंजूर झालेली असते, जिचं बिल अजून निघायचं असतं. काका ‘माझं काही देणं नाही’ म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. बिल येतं ते तुमच्या नावाने.

दुसऱ्या ग्राहकाचे ७० लाख मात्र पडताळायच्या भानगडीत पडू नका. तो ग्राहक खरा असो वा नसो, तुम्हाला कळायचा मार्ग नाही, आणि कोण आहे म्हणून विचारलं की काकांचा अपमान नक्की होतो. त्या आकड्याऐवजी स्वतःचा आकडा तयार ठेवा. ई-सर्चमध्ये त्याच इमारतीत गेल्या दोन वर्षांत झालेले व्यवहार बघा. इंडेक्स टूमध्ये मोबदला, क्षेत्रफळ आणि मजला दिसतो. दर काढताना कार्पेट कार्पेटशीच ताडून बघा. काही व्यवहारांत पूर्ण रक्कम दस्तात दाखवलेली नसते, हे गृहीत धरून थोडी वर-खाली सूट ठेवा. मग म्हणा, ‘काका, ७० मिळत असतील तर तुम्ही जरूर घ्या, तुमचं नुकसान करून आम्हाला घर नको. आमचं गणित असं बसतंय, आणि महिनाअखेरपर्यंत आम्ही या आकड्याला तयार आहोत.’ खरा ग्राहक असेल तर तुम्ही त्यांचं भलंच चिंतलंत. नसेल तर त्या ७० लाखांचा जोर तिथेच ओसरला.

समजा बोलणी होऊन किंमत ६६ लाखांवर आली, इंजिनिअरने भिंतीच्या दुरुस्तीचे ८० हजार सांगितले आणि इतिवृत्तात ती दीड लाखांची वर्गणी निघाली. तर ६६ लाखांना ठरणारं घर तुम्हाला ६८ लाख ३० हजारांना पडतंय. हे कागद समोर ठेवून बोला, आणि काकांना दोन वाटा द्या: किंमत तेवढी कमी करा, किंवा ६६ राहू दे, पण वर्गणी तुमच्याकडे आणि भिंतीची हमी तुमची. ही हमी अशी असते की तुमच्या स्वतःच्या हिश्शातले एक लाख रुपये वकिलाकडे राहतील. पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत ओल आली नाही तर ते काकांना मिळतील, आली तर दुरुस्तीचा खर्च वजा होईल. बँकेच्या कर्जातून असे पैसे अडकवून ठेवता येत नाहीत. म्हणून ते तुमच्याच पैशातून राहायला हवेत, आणि करारातली भाषा वकिलानेच लिहायला हवी. भिंत कोरडी आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला ही अट म्हणजे पावसाळा संपेपर्यंत थांबून हमखास मिळणारे पैसे. भिंतीला ओल येते हे ज्याला माहीत आहे, तो लगेच म्हणतो, ‘त्यापेक्षा पन्नास हजार कमी करतो, विषय संपवा.’ दोन्ही उत्तरं तुमच्या फायद्याची आहेत, आणि कुणी कुणाला खोटं म्हटलेलं नाही.

टोकन देण्याची वेळ येईल तेव्हा रोख नको, चेकने, आणि विसार पावतीवर काकांची विधानं त्यांच्याच शब्दांत असू द्यात. साधारण असं: ‘सदर सदनिकेवर वरील बँकेच्या कर्जाखेरीज अन्य कोणताही बोजा नाही, कोणाशीही विक्रीचा करार केलेला नाही, सोसायटीने मंजूर केलेली परंतु आकारणी न झालेली कोणतीही वर्गणी विक्रेता भरेल. यापैकी काहीही चुकीचे आढळल्यास विसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करण्यात येईल.’ सर्च रिपोर्ट हातात येण्याआधी मात्र तेही नाही.

सर्च रिपोर्टमध्येही काही गोष्टी सापडत नाहीत. काकांनी आणखी कुणाकडून साध्या कागदावर टोकन घेतलं असेल, किंवा घरातल्या भावा-बहिणीचा तोंडी हक्क असेल, तर त्याची कुठे नोंद नसते. त्यासाठी वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात आणि बहुधा १४ दिवस हरकतींची वाट बघतात. सकाळी पेपरात स्वतःची मिळकत अचानक दिसली तर कुणालाही राग येईल. म्हणून मजकूर काकांना आधी दाखवा, सासऱ्यांसमोरच दाखवा, आणि वकील पुष्कळ व्यवहारांत हे करतात हेही सांगा. ते खरंही आहे.

आणि कागद त्यांच्या बोलण्याशी जुळला नाही तर? तेव्हा सासरे, नवरा, सगळे जमलेले असताना काढू नका. एकट्यात, कागद हातात देऊन म्हणा, ‘काका, इथे २०१९ ची एक नोटीस दिसतेय. नोंद काढायची राहून गेलीय का? बँकेला काय उत्तर देऊ?’ त्यांच्यासाठी बाहेर पडायला एक दार उघडं ठेवा. त्या दारातून बाहेर पडून ते पत्र आणून देत असतील, तर पुढे चला. ओल, वर्गणी, पार्किंग यांबद्दल काही दडवलं असेल तर ते किमतीत मिटतं.

पण लेखी यादी दिल्यावरही कर्जाचं पत्र येत नसेल, जाहीर नोटिशीला नकार असेल, किंवा कागद बाजूला ठेवून फक्त टोकनची घाई चालू राहिली, तर व्यवहार सोडा. सासऱ्यांना आणि काकांना कारण एकच सांगा, जे शब्दशः खरं आहे: बँकेची यादी पुरी झाली नाही.